सल्लागार व्हाल का, हे विचारताना: तास, काम आणि मोबदला कागदावर कसा मांडायचा

“सर, तुमच्या अनुभवाचा आमच्या स्टार्टअपला खूप फायदा होईल. आमचे सल्लागार व्हाल का? बाकीचं भेटल्यावर बोलू.”

असा मेसेज आला की माझ्यासारख्या, तीस वर्षं नोकरी करून मोकळ्या झालेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो ‘बाकीचं’ म्हणजे काय याचा. महिन्याला एक फोन, की दर शनिवारी ऑफिस? नुसतं वेबसाइटवर फोटो लावायला नाव हवंय, की जुन्या ओळखीतून ऑर्डर मिळवून द्यायची आहे? पैशाचं तर कोणी काढतच नाही. आपल्याकडे ओळखीच्या माणसाशी पैशाचं बोलणं कसंतरीच वाटतं, त्यामुळे दोन्ही बाजू गप्प राहतात. सहा महिन्यांनी एकाला वाटतं आपल्याला फुकट राबवलं आणि दुसऱ्याला वाटतं सरांनी काही केलंच नाही.

हा लेख पहिल्यांदाच अनुभवी माणसाला बोलावणाऱ्या संस्थापकासाठी आहे. मी पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे. ते माझ्या जवळून पाहण्यातलं आहे, फक्त ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तपशील बदललेत.

नाशिक जिल्ह्यातली दोन मुलं. कांदा चाळीत बसवायचं एक यंत्र त्यांनी केलं. चाळीच्या आतलं तापमान आणि आर्द्रता मोजून ते शेतकऱ्याच्या फोनवर इशारा देतं, म्हणजे सड पसरायच्या आत खराब कांदा निवडून काढता येतो. यंत्र चांगलं होतं, विकलं मात्र जात नव्हतं. त्यांना हव्या होत्या एक मॅडम, ज्यांनी ठिबक सिंचनाच्या साहित्याच्या विक्रीत वीस-बावीस वर्षं काढली होती आणि तालुक्या-तालुक्यातले विक्रेते ओळखत होत्या.

आधी प्रश्न लिहा, माणूस नंतर

मुलांचा पहिला मसुदा ‘विक्री आणि व्यवसायवाढीसाठी मार्गदर्शन’ असा होता. मी तो खोडायला लावला. मार्गदर्शन कोणालाही मागता येतं आणि कितीही मागता येतं. ज्याला शेवट नाही अशा कामाला शहाणा माणूस हो म्हणत नाही, आणि म्हणालाच तर पहिल्या दोन भेटींनंतर फोन उचलत नाही.

तासभर भांडून त्यांनी खरी अडचण लिहिली. कृषी सेवा केंद्रवाले उधारीवर माल मागतात आणि मार्जिनही जास्त मागतात. शेतकरी उत्पादक कंपन्या रोख देतील, पण संचालकांच्या बैठकीत विषय निघेपर्यंत हंगाम जातो. तर विकायचं कोणामार्फत, आणि उधारी द्यायचीच तर किती दिवसांची? हा प्रश्न समोर आला की मॅडमच का हव्यात हेही आपोआप स्पष्ट होतं. त्यांच्याऐवजी एखादे बँकेतून निवृत्त झालेले काका बोलावले असते तर माणूस मोठा असूनही उपयोग शून्य होता.

एक चाचणी सांगतो. तुमच्या प्रश्नातून त्या माणसाचं नाव काढून दुसऱ्या कोणत्याही मोठ्या माणसाचं घाला. वाक्य तसंच चालत असेल तर प्रश्न अजून सापडलेला नाही.

तास महिन्याचे नव्हे, हंगामाचे मोजा

सल्लागाराचा वेळ म्हटलं की सगळे ‘महिन्याला दोन-चार तास’ लिहितात. ऐकायला बरं वाटतं, पण धंद्याला हंगाम असेल तर हा हिशेब फसतो. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळी भरायला लागतात. यंत्र त्याआधी बसलं पाहिजे. म्हणजे विक्रेत्यांशी बोलणी जानेवारी-फेब्रुवारीत. उलट जुलैमध्ये मॅडमना विचारायला फारसं काही नसणार.

म्हणून मुलांनी वर्षाचे ४८ तास धरले आणि ते असे वाटले: जानेवारी ते मार्च महिन्याला आठ तास, म्हणजे २४, उरलेले नऊ महिने महिन्याला साधारण अडीच तास, म्हणजे साडेबावीस, राहिलेला दीड तास वर्षअखेरीच्या हिशेबाच्या बैठकीला. हंगामातल्या आठ तासांतही काय काय येतं ते लिहिलं: दर आठवड्याला एक तासाचा फोन आणि महिन्यातून एकदा येवला किंवा निफाड भागात विक्रेत्यांकडे अर्धा दिवस सोबत. प्रवासाचा वेळ या तासांत धरायचा की नाही, हेही लिहा. तो धरायचा आणि गाडीखर्च वेगळा द्यायचा, असं त्यांनी ठरवलं, आणि मला ते योग्य वाटलं.

व्हॉट्सअॅपचं काय, हा प्रश्न लहान वाटतो पण नाती इथेच बिघडतात. रात्री साडेदहाला ‘मॅडम, जरा एक बघता का’ असा मेसेज रोज जायला लागला की चार तासांचे चाळीस कधी होतात ते कळत नाही. त्यांनी लिहिलं: किरकोळ प्रश्न साठवून आठवड्याच्या फोनवर विचारू, तातडीचं असेल तर मेसेज, आणि उत्तर दोन दिवसांत आलं तरी चालेल.

काय करायचं नाही, तेही भूमिकेत येतं

सल्लागार म्हणजे संचालक नव्हे. तो सह्या करत नाही, कर्मचाऱ्यांना हुकूम देत नाही, कंपनीच्या वतीने कोणाला शब्द देत नाही. हे अदब म्हणून नाही, कायद्यासाठी लिहायचं. कंपनी कायदा २०१३ मध्ये कसुरीला जबाबदार कोण याची व्याख्या आहे, आणि ज्याच्या सल्ल्याने किंवा सूचनेने संचालक मंडळ नेहमी वागतं असा माणूसही तीत येतो. व्यावसायिक नात्याने सल्ला देणारा त्यातून वगळलेला आहे. म्हणून ‘स्वतंत्र व्यावसायिक या नात्याने सल्ला, निर्णय आणि जबाबदारी संचालकांची’ हे वाक्य कागदावर हवं. अनुभवी माणसाला त्याचा अर्थ लगेच कळतो आणि निम्मी धास्ती तिथेच जाते.

दुसरी ओळ ओळखींबद्दलची. मॅडमकडून विक्रेत्यांच्या ओळखी हव्या होत्या, हे उघड होतं. पण ‘ओळखी करून देणे’ एवढंच लिहिलं तर वीस वर्षांची पुण्याई पणाला लावल्यासारखं होतं. मुलांनी लिहिलं की वर्षात जास्तीत जास्त सहा विक्रेत्यांशी गाठ घालून द्यावी, कोणाशी घालायची ते मॅडमनीच ठरवावं, आणि माल खपला की कमिशन असं काही नाही. कमिशन लावलं की सल्लागाराची एजंट होते. मग ती सांगते तो सल्ला तुमच्या भल्याचा की तिच्या कमिशनचा, असा संशय येतोच.

मोबदला: इथे बहुतेक जण कायद्यात अडकतात

परदेशी लेख वाचून आलेला संस्थापक सहज म्हणतो, “अर्धा टक्का ईसॉप देतो.” ईसॉप म्हणजे पुढे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क. अमेरिकेत सल्लागारासाठी ‘फास्ट’ नावाचा एक तयार करारनमुना खूप वापरला जातो. कंपनी किती पुढे गेली आहे आणि सल्लागार किती गुंतणार आहे, यावरून त्यात साधारण एक टक्क्यापर्यंत हिस्सा सुचवलेला असतो, तोही दोन वर्षांत थोडा थोडा हाती येणारा. अंदाज म्हणून तो आकडा चांगला आहे. पण पद्धत जशीच्या तशी इथे चालत नाही.

आपल्या कंपनी कायद्यात ईसॉप हे संचालक, अधिकारी आणि कर्मचारी यांच्यासाठी आहेत. नियमांत कर्मचारी म्हणजे कायमचा कर्मचारी. बाहेरचा सल्लागार त्यात बसत नाही. स्वेट इक्विटीचं, म्हणजे मेहनतीच्या बदल्यात दिलेल्या शेअरचंही तेच. ‘कागदोपत्री त्यांना कर्मचारी दाखवू’ ही युक्ती मला दोनदा ऐकवली गेली आहे. ती करू नका. पुढचा गुंतवणूकदार कागद तपासतो तेव्हा पहिल्यांदा हेच उकरून निघतं. आणि कंपनीऐवजी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी असेल तर शेअरचा विषयच येत नाही.

मग उरतं काय? सरळ शुल्क आहे. प्रेफरेन्शियल अलॉटमेंटने, म्हणजे ठरावीक व्यक्तीलाच नवे शेअर वाटून, खरे शेअर देता येतात. त्यासाठी विशेष ठराव, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि वाटपानंतर कंपनी निबंधकाकडे विवरणपत्र लागतं, आणि सल्लागाराला ते शेअर साधारणपणे त्या मूल्याने विकत घ्यावे लागतात. कमी भावात दिले तर फरकावर त्याला कर लागू शकतो. शिवाय शेअर एकदा हातात गेले की परत घेणं जिकिरीचं. तीन महिन्यांत सल्लागार गायब झाला तरी तो भागधारक राहतोच.

तिसरा मार्ग फँटम युनिटचा. हे शेअर नसतात, तो फक्त करार असतो: कंपनी विकली गेली, तर अमुक इतक्या शेअरच्या भावात जितकी वाढ झाली तितकी रक्कम रोखीत द्यायची. नव्या कंपनीला बाहेरच्या सल्लागारासाठी मला हाच मार्ग सगळ्यात स्वच्छ वाटतो. मतदान नाही, भागधारकांची यादी लांबत नाही.

आता मुलांचा हिशेब. कंपनीचे एक लाख शेअर, आणि ताज्या मूल्यांकनात प्रत्येकी २०० रुपये. त्यांनी ४८० युनिटं ठरवली. टक्क्यांऐवजी संख्या लिहिली, कारण ‘अर्धा टक्का’ म्हटलं की आजचा, की पुढच्या गुंतवणुकीनंतरचा, हा वाद हमखास होतो. मुदत २४ महिने, दरमहा २० युनिटं पक्की होणार. पहिले तीन महिने काहीच नाही. तिसरा महिना संपला की एकदम ६०. समजा पुढे कंपनी ९०० रुपये भावाने विकली गेली, तर वाढ ७०० रुपये, आणि ४८० युनिटांचे ३,३६,००० रुपये. विकलीच गेली नाही तर शून्य. हे शून्य पत्रात लिहायचं धैर्य पाहिजे.

रोखीचं त्यांनी दरमहा १०,००० रुपये ठरवलं. खात्यात तेव्हा १४ लाख होते आणि महिन्याचा खर्च पावणेदोन लाख, म्हणजे आठ महिन्यांची शिदोरी. ४८ तासांना वर्षाचे १,२०,०००, म्हणजे तासाला अडीच हजार. मॅडमच्या अनुभवाच्या मानाने कमीच, पण उरलेलं युनिटांत आहे असं सांगता येतं. सल्लागाराला वर्षाला ५०,००० रुपयांहून जास्त व्यावसायिक शुल्क दिलं तर कंपनीने १० टक्के टीडीएस कापायचा असतो. म्हणजे मॅडमच्या खात्यात ९,००० जाणार आणि १,००० त्यांच्या पॅनवर जमा होणार. हे आधी सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात ‘हजार कमी कसे आले’ असा फोन येतो. त्या जीएसटीत नोंदलेल्या असतील तर बिलावर १८ टक्के वेगळे. नोंदणी नसेल तर साधं बिल पुरतं.

पत्र

पत्र फोननंतर पाठवायचं. आधी एक भेट झालेली असावी आणि त्या भेटीत त्यांनी सांगितलेलं काहीतरी तुम्ही करून पाहिलेलं असावं. मुलांनी शेवटी पाठवलेलं पत्र जवळपास असं होतं:

> आदरणीय मॅडम,
> स. न. वि. वि.
>
> पिंपळगावला आपण दीड तास दिलात. ‘उधारीची मुदत ठरल्याशिवाय एकही डबा दुकानात ठेवू नका’ असं आपण सांगितलं होतं. आम्ही दोन दुकानांतून माल परत आणला आणि तिसऱ्याला १५ दिवसांच्या मुदतीने दिला. त्याचे पैसे आले.
>
> आपण एक वर्षासाठी आमच्या सल्लागार व्हावं, अशी विनंती आहे. प्रश्न एकच आहे: येत्या हंगामात यंत्र कृषी सेवा केंद्रांमार्फत विकायचं की शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत, आणि कोणत्या अटींवर.
>
> वेळ: वर्षाला ४८ तास. त्यांतले २४ जानेवारी ते मार्चमध्ये. प्रवासाचा वेळ यातच, गाडीखर्च वेगळा.
>
> मोबदला: दरमहा १०,००० रुपये (टीडीएस वजा जाता ९,०००). शिवाय ४८० फँटम युनिटं, २४ महिन्यांत. कंपनी विकली गेली तरच त्यांचे पैसे होतील, नाहीतर काही नाही. वर्षअखेरीला पुढे जायचं नसेल तर तोवरची युनिटं आपलीच राहतील.
>
> आपण निर्णय घ्यायचे नाहीत, सह्या करायच्या नाहीत, विक्री मिळवून देण्याची जबाबदारीही आपली नाही. आपलं नाव आम्ही विचारल्याशिवाय कुठेही छापणार नाही. कोणत्याही बाजूने ३० दिवस आधी कळवून थांबता येईल.
>
> सध्याच्या कामामुळे अडचण येत असेल किंवा आकडे पटत नसतील तर मोकळेपणाने सांगा. नकार एका ओळीत कळवलात तरी आम्हाला वाईट वाटणार नाही. २० तारखेपर्यंत कळवाल?
>
> आपले नम्र,

यात कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी मान राखला गेला आहे, कारण त्यांचं ऐकून पैसे आले हे सांगितलंय. तारीखही महत्त्वाची. ती नसेल तर ‘बघू’ म्हणत डिसेंबर उलटतो आणि हंगाम हातचा जातो.

होकार आल्यावर, आणि बिघडतंय हे कसं ओळखायचं

पत्र म्हणजे करार नव्हे. त्यातल्याच गोष्टी दोन-तीन पानांत वकिलाकडून लिहून घ्या आणि दोन गोष्टींची भर घाला: गुप्तता, आणि या कामात सुचलेल्या कल्पना, तक्ते, दरपत्रकं कंपनीची राहतील हे. युनिटांच्या कलमात ‘कंपनी विकली जाणे’ म्हणजे काय याची व्याख्या असू द्या. संस्थापकाने स्वतःचे थोडे शेअर विकले तर ते यात येतं का? ठरवा आणि लिहा.

समोरची व्यक्ती अजून नोकरीत असेल तर मालकाची लेखी परवानगी मागून घ्या. अनेक नेमणूकपत्रांत बाहेरच्या कामाला बंदी असते. एकदा मी स्वतःच नोकरीत असताना एका ओळखीच्या मुलाला ‘चालतंय, कोण विचारतंय’ म्हणालो होतो. विचारलं गेलं, आणि तो सल्ला मला महागात पडला. मॅडम निवृत्त होत्या, पण जुन्या कंपनीच्या दोन विक्रेत्यांशी त्यांचा अजून व्यवहार होता. त्या दोघांना त्यांनी सहाच्या यादीतून आपणहून बाहेर ठेवलं.

बिघडायला लागलं की आधी तासांतून दिसतं. दोन महिने ठरलेले फोन झाले नाहीत तर तिसऱ्याची वाट न बघता विचारा. दोष बहुतेक वेळा संस्थापकाचा असतो: त्याने प्रश्न आणलेला नसतो, नुसती हकीकत सांगायला फोन केलेला असतो. उलट तास दुप्पट होत असतील तर सल्लागार हळूहळू विक्री व्यवस्थापक होत चालला आहे. मग त्याला तसा पगार द्या, नाहीतर माणूस नेमा. आणि तीन महिन्यांनी एकदा एक साधा प्रश्न विचारायचा: त्यांच्या सांगण्यावरून आपण काय बदललं? उत्तरात दाखवण्यासारखं एकही काम नसेल तर ३० दिवसांचं कलम त्यासाठीच आहे.

मॅडमचं उत्तर १८ तारखेला आलं. त्यांनी पत्राची छापील प्रत काढून पेनाने खुणा केल्या होत्या आणि फोटो पाठवला होता. युनिटांवर काट मारून २४० लिहिलं होतं, ‘माझं वय बघता मला पुढच्या पैशापेक्षा आत्ताचे बरे’ अशी टीप देऊन, आणि १०,००० चे १२,००० केले होते. मार्चमधले आठ तास खोडून चार केले होते, कारण त्या महिन्यात घरी लग्न होतं. ते चार तास डिसेंबरात टाकले होते. मुलं दोन हजारांवरून घासाघीस करणार होती. मी म्हटलं, वर्षाचे २४,००० जास्त जातायत आणि २४० युनिटं परत येतायत, शिवाय विक्रेत्यांशी बोलणी डिसेंबरातच सुरू होतायत. मुलांनी तासाभरात होकार कळवला, आणि पहिला फोन डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेनऊला ठरला.